तिसऱ्याच्या हातातले पैसे

परतवाड्याहून धारणीकडे जाताना सेमाडोहला थांबून रबडी खायची, हा आमच्या भागातला शिरस्ता आहे. त्या दिवशी आम्ही थांबलो ते मात्र एका कागदासाठी. माझे एक जुने अशील, भाऊ, मसाल्याच्या व्यापारात आहेत. इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात मसाले दळून पाकिटबंद करणारी एक छोटी कंपनी ते विकत घेत होते. गावात बसले की दर पाच मिनिटांनी फोन वाजतो. सेमाडोहला रेंज मिळाली तर मिळाली. म्हणून ते मुद्दाम तिथे भेटू म्हणाले आणि पिशवीतून दोन करार काढून टेबलावर ठेवले. जाडा होता शेअर खरेदीचा, आणि चौदा पानांचा पातळ होता एस्क्रोचा. जाडा त्यांनी वाचून घेतला होता. पातळ्यावर नुसती सही करायची, असा त्यांचा बेत होता.

"साहेब, पैसे तिसऱ्याकडे राहनार हायेत ना? मंग भेव कायचं?"

हा प्रश्न मी बऱ्याच जणांकडून ऐकला आहे. तेव्हा रबडी गार होईपर्यंत जे सांगितले ते इथे जरा सविस्तर लिहितो. कंपनीचे आकडे आणि तारखा बदलल्या आहेत. गणित तेच आहे.

एस्क्रो हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. मूळ अर्थ चर्मपत्राचा तुकडा, गुंडाळी. जमिनीचा दस्त लिहून, सह्या करून तिऱ्हाइताकडे ठेवायचा आणि ठरलेली अट पुरी झाली की तो समोरच्याच्या हातात द्यायचा, ही त्याची जुनी रीत. आज दस्ताच्या जागी बहुधा पैसे असतात. आपल्याकडे ही कल्पना नवी नाही. वऱ्हाडात शेतीचा सौदा होतो तेव्हा इसार दिला जातो, खरेदीखत होते, आणि कधी कधी शेवटचे लाखभर रुपये दोघांच्या विश्वासातल्या माणसाकडे ठेवतात. फेरफार होऊन सातबाऱ्यावर नाव चढले की ते विकणाऱ्याला मिळतात. फरक एवढाच की गावातला तो माणूस दोघांनाही ओळखतो, भांडण झाले तर दोघांना बसवून समजावतो, प्रसंगी दटावतोही. लंडनचा एस्क्रो एजंट यातले काहीही करत नाही. तो बँक असेल, वकिलांची पेढी असेल किंवा परवाना असलेली पैसे सांभाळणारी कंपनी असेल. कोण खरे, कोण खोटे याच्याशी त्याचे घेणेदेणे नसते. हातातल्या चौदा पानांत जे लिहिले आहे तेवढेच तो करतो.

म्हणून भाऊंना पहिली गोष्ट सांगितली ती ही. जाड्या करारात तुमच्या हिताची कितीही कलमे असोत, एजंट तो करार उघडूनही पाहणार नाही. बहुतेक एस्क्रो करारांत तसे एक वाक्यच असते की मूळ खरेदी करारातल्या मजकुराची दखल घेण्याची जबाबदारी एजंटवर नाही. त्यांच्या कागदांत नेमका हाच घोटाळा होता. जाड्या करारात लिहिले होते की, विकणाऱ्याच्या काळातली कराची देणी निघाली तर ती एस्क्रोतून भागवायची. पातळ्या करारात त्याबद्दल अक्षर नव्हते. तिथे एकच ओळ होती: अठरा महिन्यांनी शिल्लक रक्कम विकणाऱ्याला द्यावी. समजा सतराव्या महिन्यात करखात्याचे पत्र आले असते आणि भाऊंनी विकणाऱ्याला रीतसर नोटीस दिली असती, तरी त्या तारखेला एजंटने पैसे मोकळे केले असते. त्यात त्याची काही चूकही धरता आली नसती.

तेव्हा दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचायचे. जाड्यातली पैशाशी संबंधित प्रत्येक अट पातळ्यात आहे का ते बोट ठेवून पाहायचे. वकील हे करत नाहीत असे नाही, पण दोन कागद दोन वेगळ्या माणसांनी लिहिलेले असतात आणि शेवटच्या आठवड्यात जाड्यात बदल होत जातात. पातळा मागेच राहतो.

आता व्यवहार पाहू. कंपनीची किंमत आठ लाख पौंड. ताब्याच्या दिवशी विकणाऱ्याच्या हातात सहा लाख ऐंशी हजार. उरलेले एक लाख वीस हजार, म्हणजे किमतीच्या पंधरा टक्के, एस्क्रोत. मसुद्यात ही सगळी रक्कम एकाच ढिगात होती. मी कागदाच्या पाठीवर तिच्या दोन थैल्या केल्या. पहिली चाळीस हजारांची, दुसरी ऐंशी हजारांची. दोन्हींचे काम वेगळे आणि मुदतही वेगळी. एकाच ढिगात ठेवले की तीन महिन्यांत मिटणारा हिशेब आणि दीड वर्ष चालणारा वाद एकमेकांत अडकतात. मग विकणारा म्हणतो, माझे सगळेच पैसे अडवले. आणि सगळ्याच गोष्टींवर भांडू लागतो.

पहिली थैली खेळत्या भांडवलाची. कंपनी विकत घेताना आपण गृहीत धरतो की गोदामात नेहमीएवढा माल असेल, गिऱ्हाइकांकडून येणे नेहमीएवढे असेल आणि पुरवठादारांचे देणेही नेहमीएवढेच असेल. विकणारा मात्र शेवटच्या महिन्यात काय करू शकतो? येणे भराभर वसूल करतो, नवी हळद-मिरची भरत नाही, पुरवठादारांची बिले लांबवतो आणि जमलेली रोकड स्वतःकडे घेतो. ताबा मिळतो तेव्हा कंपनी तीच असते, पण कणगी रिकामी. म्हणून करारात एक आकडा ठरवतात. इथे तो दीड लाख पौंड होता. ताब्याच्या दिवसाचा हिशेब नंतर, साधारण साठ दिवसांत, काढायचा. समजा तो एक लाख सत्तावीस हजार निघाला. तूट तेवीस हजारांची. पहिल्या थैलीतून तेवीस हजार भाऊंना परत, सतरा हजार विकणाऱ्याला, थैली बंद.

आणि तूट बावन्न हजारांची निघाली तर? थैलीत चाळीसच आहेत. वरच्या बारा हजारांचे काय? मसुद्याप्रमाणे भाऊंना ते कुठूनच मिळत नव्हते. एस्क्रोतली रक्कम हीच भरपाईची शेवटची मर्यादा, असे एक वाक्य चौथ्या पानावर झोपलेले होते. ते तिथे हेतुपूर्वक होते की जुन्या नमुन्यातून आले होते, देव जाणे. ते बदलून घेतले. वरची रक्कम विकणाऱ्याने चौदा दिवसांत स्वतः भरायची.

या थैलीची मुदत तारखेने बांधायची नाही, हे लक्षात ठेवा. "नव्वद दिवसांनी विकणाऱ्याला" असे लिहिले आणि हिशेबावरून वाद झाला, की विकणाऱ्याने फक्त दिवस ढकलायचे. नव्वदावा दिवस उजाडला की पैसे त्याचे. इथे अट घटनेची हवी: हिशेब दोघांनी मान्य केल्यावर, आणि मान्य न झाल्यास नेमलेल्या स्वतंत्र लेखापालाने आकडा ठरवल्यावर, पाच कामाच्या दिवसांत. तो लेखापाल कोण हे आधी ठरत नसेल तर निदान त्याची नेमणूक कोण करणार हे लिहून ठेवावे. नाहीतर लेखापालाच्या नावावरूनच दुसरे भांडण सुरू होते.

दुसरी थैली हमींची. विकणाऱ्याने कंपनीबद्दल पाचपन्नास गोष्टी खऱ्या म्हणून लिहून दिलेल्या असतात. कर भरले आहेत, कामगारांची देणी नाहीत, कोर्टात दावे नाहीत वगैरे. यातले काही खोटे निघाले तर भरपाई मागायची. मागायला समोरचा माणूस लागतो, आणि त्याच्याकडे पैसे लागतात. परदेशातला विकणारा व्यवहारानंतर ते पैसे कुठे गुंतवेल, निवृत्त होऊन कोणत्या देशात जाईल, हे परतवाड्यात बसून कसे कळणार? म्हणून ऐंशी हजार अठरा महिन्यांसाठी अडकवून ठेवायचे. व्यवहार १ एप्रिल २०२६ ला पुरा झाला असे धरू. मुदत ३० सप्टेंबर २०२७ ला संपते.

अठराच महिने का? त्या काळात कंपनीच्या वार्षिक हिशेबाची किमान एक पूर्ण फेरी आपल्या हाताखालून जाते आणि लपलेले बरेचसे तेव्हा वर येते. पण सगळे नाही. ब्रिटिश करखाते साध्या चुकीसाठी चार वर्षे मागे जाऊ शकते, निष्काळजीपणा असेल तर सहा, आणि मुद्दाम लपवाछपवी केली असेल तर वीस. म्हणूनच तिथल्या करारांत कराच्या हमीची मुदत बहुधा सात वर्षांची धरतात. एस्क्रो अठरा महिन्यांत रिकामा झाला तरी दावा करण्याचा हक्क पुढे चालू राहतो, फक्त त्यामागे तयार पैसे नसतात. "मंग सात वर्सं पैसे धरून ठेवा म्हना," असे भाऊ म्हणाले. कोणताही विकणारा ते मान्य करणार नाही, आणि त्याच्या जागी आपणही केले नसते. एस्क्रो म्हणजे पहिल्या दीड वर्षाची तरतूद. पुढच्या साडेपाच वर्षांसाठी विकणाऱ्याची वैयक्तिक हमी कितपत खरी आहे ते वेगळे तपासायचे.

आता मुख्य प्रश्न: ३० सप्टेंबरला कोणीच काही बोलले नाही तर पैसे कोणाचे? सुटकेच्या अटींमध्ये मी सगळ्यात आधी हे पाहतो. दोन टोके असतात. एका टोकाला, तारीख आली की पैसे आपोआप विकणाऱ्याचे, कोणी हरकत घेतली असो वा नसो. यात खरेदीदार नागवला जातो. दुसऱ्या टोकाला, दोघांच्या सह्यांचे संयुक्त पत्र आल्याशिवाय दमडी हलणार नाही. खरेदीदाराला हे ऐकायला फार गोड वाटते. पण यात अडकतात दोघेही. विकणाऱ्याचे पैसे खरेदीदाराच्या सहीवाचून सुटत नाहीत, तसे खरेदीदाराच्या हक्काचे पैसेही विकणाऱ्याच्या सहीवाचून सुटत नाहीत. कोणी मेले, कंपनी बंद पडली, तर रक्कम वर्षानुवर्षे खात्यात पडून राहते आणि एजंटची फी तिला कुरतडत राहते.

चांगल्या करारात एजंटला हलवायच्या तीन किल्ल्या असतात. दोघांचे संयुक्त पत्र ही एक. कोर्टाचा किंवा लवादाचा अंतिम आदेश ही दुसरी. आणि तिसरी म्हणजे तारीख, पण नोटिशीने अडवलेली रक्कम वगळून. भाऊंच्या करारात ती तिसरी किल्ली आम्ही अशी लिहून घेतली: ३० सप्टेंबर २०२७ ला शिल्लक रकमेतून, तोवर एजंटला प्रत मिळालेल्या प्रत्येक दाव्याची रक्कम वजा करावी आणि उरलेली विकणाऱ्याला द्यावी. वजा केलेली रक्कम त्या दाव्याचा निकाल लागेपर्यंत तशीच ठेवावी.

यात "एजंटला प्रत मिळालेल्या" हे शब्द महत्त्वाचे. नोटीस विकणाऱ्याला पाठवली आणि प्रत एजंटला द्यायची राहिली, तर एजंटच्या दृष्टीने दावाच नाही.

आणि नोटीस कशी लिहावी, यावरून एका खरेदीदाराने किती गमावले ते पाहण्यासारखे आहे. "टॉकिंग टॉम" नावाचे मांजर मोबाइलवर आपले बोलणे पुन्हा बोलून दाखवते, ते पुष्कळांच्या घरी मुलांनी पाहिले असेल. ते बनवणारी आउटफिट सेव्हन ही स्लोव्हेनियातल्या लोकांनी उभी केलेली कंपनी. डिसेंबर २०१६ च्या करारात ती सुमारे एक अब्ज डॉलरना विकली गेली. घेणारी कंपनी युनायटेड लक. किमतीतला काही भाग करविषयक दाव्यांसाठी एस्क्रोत ठेवला होता. करार इंग्लिश कायद्याखालचा होता. पुढे स्लोव्हेनियाच्या करखात्याने तिथल्या कंपनीची चौकशी सुरू केली. जुलै २०१९ च्या सुरुवातीला मुदत संपत होती. खरेदीदाराने जूनच्या अखेरीस, म्हणजे मुदतीच्या आत, नोटीस दिली. तीत करखात्याची चौकशी चालू असल्याचे, पत्रव्यवहाराचे, बैठकांचे लिहिले होते. चौकशी कोणत्या वर्षांची आहे तेही होते. विकणाऱ्यांनाही ती चौकशी माहीत होतीच.

करारात अट होती की नोटिशीत दाव्याला कारण झालेली बाब, दाव्याचे स्वरूप आणि शक्य असेल तिथवर रक्कम हे पुरेशा तपशिलाने द्यावे. विकणारे कोर्टात गेले. त्यांचे म्हणणे असे की तुम्ही चौकशी सांगितली, पण चौकशी ही बाब नव्हे. ज्या व्यवहारांमुळे, ज्या घडामोडींमुळे कर लागू शकतो ती बाब, आणि ती नोटिशीत कुठेच नाही. लंडनच्या उच्च न्यायालयाने २०२० मध्ये आणि अपील न्यायालयाने २०२१ मध्ये विकणाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. त्यांना सगळे आधीच माहीत होते, हा खरेदीदाराचा बचाव उपयोगी पडला नाही. करारात जे लिहून द्यायचे ठरले ते लिहून द्यायलाच हवे. नोटीस वेळेत गेली होती, पण कोर्टाच्या लेखी ती नोटीसच नव्हती.

मला विचाराल तर निकाल कडक आहे. पण चुकीचा म्हणता येत नाही. विकणाऱ्यालाही आपल्यावर नेमका काय आरोप आहे हे कळल्याशिवाय तो पैशाची तजवीज काय करणार?

भाऊंना मी नमुना म्हणून दोन नोटिशी लिहून दाखवल्या. पहिली: "ब्रिटिश करखात्याने कंपनीची चौकशी सुरू केली आहे, सबब आम्ही एस्क्रोतील रकमेवर दावा राखून ठेवत आहोत." दुसरी: "एप्रिल २०२३ ते मार्च २०२६ या काळात कंपनीने पाकिटे भरणाऱ्या सात कामगारांना स्वतंत्र कंत्राटदार दाखवून त्यांच्या मजुरीवरचा प्राप्तिकर व राष्ट्रीय विम्याची वर्गणी कापली नाही. ते प्रत्यक्षात रोज कंपनीच्या वेळेत, कंपनीच्या यंत्रांवर काम करत होते. त्यामुळे करारातील अमुक क्रमांकाची कराची हमी आणि अमुक क्रमांकाची कामगारांविषयीची हमी खोटी ठरते. करखात्याचे अमुक तारखेचे पत्र सोबत आहे. आजच्या अंदाजाने रक्कम तीस हजार पौंड. अंदाजाची रीत सोबतच्या तक्त्यात." पहिली वाचून भाऊ म्हणाले, "हे तं नुसतं भूत दाखवनं झालं." अगदी तसेच. दुसरीत कोणी काय केले, कधी केले, कोणते कलम मोडले आणि किती पैसे, हे सगळे आहे. हमीच्या कलमांचे क्रमांकही द्यायचे. २०१८ मध्ये इंग्लंडच्याच अपील न्यायालयापुढे टिओको विरुद्ध एअरकॉम हा वाद आला, तेव्हा नेमक्या कोणत्या हमी मोडल्या ते न सांगणारी नोटीस अशीच निकामी ठरली होती.

आता या तीस हजारांनी दुसरी थैली कशी चालते ते पाहा. ३० सप्टेंबरला थैलीत ऐंशी हजार. नोटिशीचे तीस वजा. पन्नास हजार विकणाऱ्याला त्या आठवड्यात जातात. तीस हजार थांबतात. किती दिवस? इथे विकणाऱ्याचा वकील एक गोष्ट मागतो आणि ती रास्त असते: नोटीस दिल्यावर सहा महिन्यांत दावा दाखल करा, नाहीतर तो सोडला असे धरू. करखात्याच्या चौकशीला मात्र सहा महिने पुरत नाहीत, आणि देणे ठरण्याआधी दावा तरी कशाचा लावणार? म्हणून त्यात अपवाद घालून घ्यायचा की, देणे अजून निश्चित झालेले नसेल तर ते निश्चित झाल्या दिवसापासून सहा महिने. भाऊंच्या मसुद्यात अपवाद नव्हता. काही वेळा विकणारा याहून जास्त मागतो. दावा जिंकण्याची शक्यता निम्म्याहून अधिक आहे असे ज्येष्ठ बॅरिस्टरचे लेखी मत आणा, तरच पैसे अडवा, म्हणतो. मोठ्या रकमेला हे चालते. ऐंशी हजारांच्या थैलीत बॅरिस्टरची फीच जिव्हारी लागेल. तिथे नकार द्यावा.

खोट्या नोटिशा देऊन विकणाऱ्याचे पैसे अडवून धरणारे खरेदीदारही असतात. वजा करायची रक्कम प्रामाणिक अंदाजाची असावी, हे कलम त्यांच्यासाठीच असते. त्यावर भांडू नये.

रक्कम परत येताना व्याज कोणाचे, एजंटची फी कोणाची, हे दोन ओळींत ठरवून टाकावे. फी बहुधा निम्मी-निम्मी असते. विनिमय दराची गोष्ट मात्र अनेकांच्या ध्यानात येत नाही. पैसे पौंडात गेले, पौंडातच परत येणार. मधल्या दीड वर्षात रुपयाचा भाव कुठेही असेल. तो नफा-तोटा आपलाच. एजंट त्याचे काही करत नाही.

आता आपल्या बाजूचा कायदा. भारतातून परदेशातली कंपनी घ्यायची तर २२ ऑगस्ट २०२२ ला जारी झालेले परकीय चलन व्यवस्थापनाचे परदेशी गुंतवणुकीचे नियम आणि विनियम लागतात. एका व्यक्तीला उदारीकृत योजनेखाली वर्षाला अडीच लाख डॉलरच पाठवता येतात. आठ लाख पौंड त्यात बसत नाहीत. म्हणून भाऊ ही खरेदी आपल्या कंपनीतून करत होते. तिला निव्वळ संपत्तीच्या चौपटीपर्यंत परवानगीशिवाय अशी बांधिलकी घेता येते. पैसे अधिकृत बँकेतून, फॉर्म एफसी भरून, ओळख क्रमांक घेऊन जातात.

इथे एक गल्लत हमखास होते आणि भाऊंच्या पुतण्यानेही ती केली होती. त्याने कुठेतरी वाचले की एस्क्रोत पंचवीस टक्क्यांपेक्षा जास्त आणि अठरा महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. हा नियम खरा आहे, पण तो उलट्या दिशेचा. २०१९ च्या नियमांतली ती मर्यादा भारतीय कंपनीचे शेअर निवासी आणि अनिवासी यांच्यात हस्तांतरित होतात तेव्हाची. आपण परदेशातल्या कंपनीचे शेअर घेतो तेव्हा २०२२ चे विनियम पाहायचे. त्यांत किंमत लांबवण्याला टक्केवारीची मर्यादा नाही, पण तीन गोष्टी आहेत. लांबणीची मुदत करारात निश्चित हवी. तेवढ्या रकमेचे शेअर आधीच आपल्या नावावर व्हायला हवेत. आणि अखेरची एकूण किंमत मूल्यांकनाच्या नियमांत बसायला हवी. विकणाऱ्याने खरेदीदाराला भरपाईची हमी द्यायलाही हे विनियम मुभा देतात.

म्हणजे भाऊंपुढे दोन वाटा होत्या. सगळे आठ लाख आज पाठवून त्यातले एक लाख वीस हजार लंडनच्या एस्क्रोत ठेवायचे, किंवा एक लाख वीस हजार पाठवायचेच नाहीत, लांबणीची किंमत म्हणून इथेच ठेवायचे. "मंग दुसरंच बरं की!" ते लगेच म्हणाले. खरेदीदाराला दुसरे नेहमीच बरे असते. विकणारा मात्र विचारतो की अठरा महिन्यांनी अमरावतीच्या बँकेतून हे पैसे येतीलच याची खात्री काय. एस्क्रो त्या अविश्वासाचे उत्तर आहे. दोघांनाही थोडे थोडे देते. लेस्टरच्या विकणाऱ्याने लांबणीला साफ नकार दिला होता, म्हणून एस्क्रोच उरला. मात्र एस्क्रोतून रक्कम भारतात परत आली तर ती कशाखाली दाखवायची, कोणते कागद द्यायचे, हे पैसे पाठवण्याआधी बँकेच्या परकीय चलन विभागाकडून लेखी घ्या. दीड वर्षाने शाखेतला अधिकारी बदललेला असतो आणि नव्याला प्रकरण कोणीच सांगितलेले नसते.

ताब्याच्या दिवसाबद्दल थोडेच सांगतो. सहा लाख ऐंशी हजारही बहुधा एक-दोन दिवस आधी तिथल्या वकिलाच्या खात्यात पोचवावे लागतात, कारण आपल्याकडची बँक आणि तिथली बँक यांच्यात वेळ जातो. हाही एक छोटा एस्क्रोच. ते पैसे सुटायची अट लेखी हवी: सह्या झालेला शेअर हस्तांतराचा फॉर्म, जुन्या संचालकांचे राजीनामे आणि कंपनीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरवल्याचे पत्र हे आपल्या वकिलाच्या हातात आल्यावरच. बोजा आहे का हे तिथल्या कंपनी निबंधकांच्या, म्हणजे कंपनीज हाउसच्या, संकेतस्थळावर कोणालाही फुकट पाहता येते. आणि ठरलेल्या तारखेपर्यंत व्यवहार झाला नाही तर पैसे ज्या खात्यातून आले त्याच खात्यात परत, हेही लिहावे.

त्या दिवशी आम्ही उठणार तेवढ्यात भाऊंच्या फोनला कुठूनतरी एक कांडी रेंज मिळाली आणि एक ईमेल उतरला. एस्क्रो खात्याचा क्रमांक बदलला आहे, नव्या खात्यात पैसे पाठवा. पत्ता वकिलाच्या पेढीचाच वाटत होता. नावात एक अक्षर जास्त होते. दुसऱ्या दिवशी अमरावतीहून मी करारावर छापलेल्या क्रमांकावर फोन लावला. पेढीने खाते बदलले नव्हते. अशा व्यवहारांत ताब्याच्या आधीच्या आठवड्यात येणारा हा फसवणुकीचा नेहमीचा प्रकार आहे. खात्याचा क्रमांक ईमेलमधून आला तर त्या ईमेलमधल्या फोनवर कधीही विचारू नका. आधीपासून माहीत असलेल्या क्रमांकावरच विचारा.

पातळ्या करारात शेवटी सहा बदल झाले. विकणाऱ्याच्या वकिलाने त्यातले पाच त्याच आठवड्यात मान्य केले, सहावा म्हणजे कराच्या दाव्याच्या मुदतीचा अपवाद दोन आठवडे ओढाताण करून. भाऊंच्या दुकानातल्या भिंतीवरच्या कालनिर्णयात ३१ जुलै २०२७ च्या चौकोनात लाल शाईने लिहायला सांगितले आहे: लेस्टरचे हिशेब तपासायला घेणे. ३० सप्टेंबरला नोटीस पोचायची असेल तर दोन महिने लागतात.